३४९ रुपयांत दोन वेगळे माल: डेटा प्लॅन निवडताना

नागपुरात सीताबर्डीच्या रिचार्जवाल्याला ‘स्वस्त कोणाचा, जिओचा की एअरटेलचा?’ असं विचारलं, तर त्याला सरळ उत्तर देणं कठीण जातं. कारण दोघांचे प्लॅन एकमेकांसमोर नीट बसतच नाहीत. जुलै २०२४ च्या दरवाढीवेळचे २८ दिवसांचे प्लॅन घ्या. (भाव बदलतात, त्यामुळे आजचे तपासून घ्या. इथे बघायची आहे ती मांडणी.)

जिओचा २९९ ला रोज दीड जीबी आणि ३४९ ला दोन जीबी. एअरटेलचा ३४९ ला दीड जीबी आणि ४०९ ला अडीच. दोघांकडेही तेव्हा अनलिमिटेड फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवरच होतं. म्हणजे त्याच ३४९ रुपयांत एकीकडे फाइव्ह-जीचं दार उघडतं, दुसरीकडे नाही.

मग एअरटेलने ३४९ मध्येच दोन जीबी आणि फाइव्ह-जी का दिलं नाही? कारण तसं केलं की स्वतःचेच ४०९ वाले ग्राहक खाली उतरतील. प्रत्येकामागे ६० रुपये जातील. असे साधारण सहा उतरले, तर तो खड्डा भरायला एक नवा ग्राहक आणावा लागेल. आणि समोरचा गप्प बसणार नाही. २०२४ मध्ये जिओने २७ जूनला दरवाढ जाहीर केली, तर एअरटेल आणि व्हीआयने दुसऱ्याच दिवशी. एवढं बारीक लक्ष असताना भाव उतरवून मिळवलेला ग्राहक टिकेलच, याचा भरवसा नाही. म्हणून पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर ठेवणं दोघांनाही सोयीचं पडतं. अर्थात भाव टिकण्यामागे एवढंच कारण नाही. मोठ्या खाजगी कंपन्या तीनच उरल्यात, हेही आहेच.

आता तुमचा निर्णय. जिओच्या २९९ आणि ३४९ मध्ये ५० रुपयांचा फरक आहे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज होतात, म्हणजे ६५० रुपये. ते अर्ध्या जीबीसाठी देऊ नका. रात्री बारा वाजता उरलेला डेटा जातोच. आधी कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापर बघा. तो दीड जीबीच्या आत असेल तर २९९ पुरे. फोन फाइव्ह-जी असेल तर जिथे जास्त वेळ बसता, हिंगण्याच्या रूमवर किंवा महालातल्या दुकानात, तिथे कोणता सिग्नल दिसतो ते पाहा. फोर-जीवर घसरला की वापर रोजच्या कोट्यातूनच कापला जातो. मग वरची पायरी घेऊन फायदा नाही.

बाबांना फक्त बोलायचं असेल, तर यातला एकही प्लॅन नको. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं. ते मागून घ्या, कारण दुकानात आधी डेटाचेच दाखवतात.