करवंटीचे दिवे ऑनलाइन विकताना: दहा महिन्यांचा हिशेब

आम्ही फोंडा तालुक्यातले. माझे धाकटे दीर नारळाच्या करवंट्यांचे टांगते दिवे करतात. तीन अर्ध्या करवंट्या एकाखाली एक, त्यांना नक्षीची भोकं, मधून वायर आणि होल्डर. पूर्वी हे दिवे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि जत्रांच्या फेरीत जायचे. गेल्या ऑक्टोबरात मी ते एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर लावले, कारण घरात हिशेब बघणारी मीच. प्लॅटफॉर्मचं नाव लिहीत नाही. दर माझ्या प्लॅनचे आहेत आणि ते बदलत असतात, पण पैसे कुठे कापले जातात त्या जागा तुम्हालाही भेटतीलच.

नोंदणी करताना माझं सगळं लक्ष कमिशनवर होतं. लिस्टिंग फी शून्य, कमिशन 13 टक्के, म्हणजे परवडेल असं वाटलं. दहा महिन्यांनंतर सांगते, माझा नफा कमिशनने ठरला नाही, खोक्याच्या मापाने ठरला.

आमचा दिवा गिऱ्हाईक 945 रुपयांना घेतं. त्यातले 45 जीएसटीचे, म्हणजे आमचे 900. कमिशन मात्र पूर्ण 945 वर लागतं, ते 123 रुपये. क्लोजिंग फी, म्हणजे दर विक्रीमागे लागणारं ठरावीक शुल्क, या किमतीच्या टप्प्याला 30. दिव्याचं वजन खोक्यासकट साडेचारशे ग्रॅम, म्हणून मी अर्ध्या किलोच्या टप्प्याची शिपिंग धरली, 78 रुपये. एकूण कपात 231. दीरांची मजुरी आणि सामान 310, पॅकिंग 34. एका दिव्यामागे 325 रुपये उरतील असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

पहिलं सेटलमेंट आलं आणि आकडा जुळेना. माझ्या हिशेबाने एका दिव्याचे 668 रुपये बँकेत यायला हवे होते, आले 592. कापलेल्या फीवर 18 टक्के जीएसटी लागतो हे मी धरलं होतं. 900 वर अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म आपल्या पैशांतून कापून सरकारात भरतो तो कर, तोही धरला होता. (नियमित जीएसटी नोंदणी असेल तर हे दोन्ही बुडत नाहीत. फीवरचा कर क्रेडिट म्हणून मिळतो आणि टीसीएस पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये येतो. टीडीएस मला लागला नाही, कारण मी व्यक्ती म्हणून विकते, वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत आहे आणि पॅन दिलेला आहे.) मग उरलेले 76 रुपये गेले कुठे? सेटलमेंटची पूर्ण फाइल उतरवून घेतली तेव्हा ‘आकारणीचं वजन’ असा एक रकाना दिसला. त्यात लिहिलं होतं दीड किलो.

साडेचारशे ग्रॅमचा दिवा दीड किलोचा झाला तो आकारमानामुळे. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि 5000 ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे. आम्ही दिवा जोडलेल्या अवस्थेत, वर्तमानपत्रांत गुंडाळून, 30 बाय 22 बाय 11 च्या खोक्यात पाठवत होतो. गुणाकार 7260, भागल्यावर 1.45, म्हणजे दीड किलोचा टप्पा. शिपिंग 78 ऐवजी 142. आमचे 325 तिथेच 261 झाले. चूक प्लॅटफॉर्मची नव्हती, नियम दरपत्रकात लिहिलेला होता. मी वजन काट्यावर केलं आणि टेप हातात घेतला नाही.

दीरांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘वहिनी, करवंट्या एकात एक बसतात. जोडून कशाला पाठवायच्या?’’ त्यांनी तिन्ही करवंट्या आकाराच्या उतरत्या क्रमाने निवडल्या, मध्ये कागद घालून वाट्यांसारख्या एकात एक बसवल्या आणि वायर सगळ्यात आतल्या पोकळीत गुंडाळली. खोकं झालं 14 बाय 14 बाय 12. गुणाकार 2352, वजन 0.47. बसलं अर्ध्या किलोत. गिऱ्हाइकाला तीन गाठी मारून दिवा स्वतः जोडावा लागतो, म्हणून आत चित्रांचा कागद घालतो आणि लिस्टिंगच्या दुसऱ्या फोटोतच सुटे भाग दाखवतो. हा फोटो घालायच्या आधी ‘वस्तू अर्धवट आली’ म्हणून दोन रिटर्न आले होते. नंतर त्या कारणाने एकही आला नाही.

रिटर्नचा हिशेब तर मला याहून महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाइकाने वस्तू हातात घेऊन मग परत केली, तर माझ्या प्लॅनमध्ये कमिशन परत मिळतं, पण क्लोजिंग फी आणि जातानाची शिपिंग मिळत नाही. वर परतीचं शुल्क लागतं आणि तेही त्याच वजनाच्या टप्प्याने. जुन्या खोक्यात 30, 142 आणि 120 मिळून 292, त्यात वाया गेलेलं पॅकिंग 34, म्हणजे एका रिटर्नला 326 रुपये. नफा होता 261. एक दिवा परत आला की दुसऱ्या एका दिव्याची पूर्ण कमाई जाऊन वर खिशातून भरायचे, आणि तेही करवंटी न फुटता आली तर. छोट्या खोक्यात तेच 30, 78 आणि 75 मिळून 183, पॅकिंग धरून 217. नफा 325. खोकं लहान झाल्यावर रिटर्न सोसता येऊ लागला.

आतापर्यंतच्या 260 ऑर्डरींपैकी 31 परत आल्या. त्यातल्या फक्त 12 गिऱ्हाइकांनी घेऊन परत केलेल्या. उरलेल्या 19 दारातूनच फिरल्या, म्हणजे आरटीओ: घरी कोणी नाही, फोन उचलला नाही, ‘नको’ म्हणाले. दोन सोडता सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या. आरटीओला माझ्या प्लॅनमध्ये कुठलीच फी लागत नाही. नुकसान होतं ते माल दोन-तीन आठवडे वाटेत अडकल्याचं आणि पॅकिंगचं. गडबड होते ती आरटीओ चुकून ‘ग्राहक रिटर्न’ म्हणून नोंदला जातो तेव्हा. मग न लागणारी फी लागते आणि कोणी कळवत नाही. ओळखायची खूण अशी: रिटर्नच्या यादीत ऑर्डर ‘ग्राहक रिटर्न’ दिसते, पण ट्रॅकिंगमध्ये ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद कधी झालेलीच नसते. मी दर रविवारी दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघते. अशा चार सापडल्या, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जोडून दावे केले, तीन दाव्यांचे पैसे परत आले. चौथा दावा मुदतीनंतर केला म्हणून नाकारला. परत आलेलं पार्सल उघडतानाचा व्हिडिओही लेबल दिसेल असा एका दमात काढते. फुटलेल्या मालाच्या दाव्याला माझ्याकडे सात दिवसांची मुदत आहे आणि कापून जोडलेला व्हिडिओ ते धरत नाहीत.

फुलफिलमेंटबद्दल गोव्यातल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. प्लॅटफॉर्मचा प्रतिनिधी मला फोनवर सारखा सांगत होता, माल आमच्या गोदामात ठेवा, डिलिव्हरी लवकर होईल, लिस्टिंग वर दिसेल. त्यांचं मला सोयीचं गोदाम भिवंडीला. माल महाराष्ट्रात साठवून तिथून विकायचा तर गोव्याची जीएसटी नोंदणी पुरत नाही, महाराष्ट्राची वेगळी घ्यावी लागते. मग दोन राज्यांची जीएसटी विवरणपत्रं भरायची, आणि इथून भिवंडीला माल पाठवणं हासुद्धा करपात्र पुरवठा धरला जातो, जरी तो आपलाच आपल्याला असला तरी. वर साठवणुकीचं भाडं. महिन्याला 20-25 दिवे विकणाऱ्याने यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी घरून पिकअपवरच राहिले. नोंदणीशिवाय विकायची सवलतही आहे, पण ती राज्यातल्या राज्यातल्या विक्रीपुरती. आमची बहुतेक गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची आणि बंगळूरची, म्हणून तो मार्ग आम्हाला नव्हताच.

कॅटेगरीत आम्ही थोडक्यात वाचलो. लिस्टिंग करताना ‘दिवा’ शब्दावरून वस्तू आपोआप लाइटिंगमध्ये गेली होती. तिथे कमिशन 17 टक्के, म्हणजे दर दिव्यामागे आणखी 38 रुपये. आमची वस्तू हस्तकलेची आणि बल्ब आम्ही देत नाही, असं लिहून बदल मागितला, तेव्हा घरसजावटीत 13 टक्क्यांवर आली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि मार्गी लागलेला हिशेब परत बिघडला. काही ऑर्डरींना पुन्हा वरचा, म्हणजे एक किलोचा टप्पा लागला. खोकं तेच, माल तोच. पिकअपची वाट बघत ओटीवर ठेवलेली खोकी ओल धरून फुगत होती. मशीन माप घेतं ते सगळ्यात बाहेरच्या टोकांचं. 14 चं 15 झालं की 15 बाय 15 बाय 12, गुणाकार 2700, वजन 0.54, आणि पार्सल वरच्या टप्प्यात. आमच्याकडे मोकळी जागा होती ती फक्त दीडशे घन सेंटिमीटरची. आता खोकी आतल्या खोलीत ठेवतो, पाच थरांचा पुठ्ठा घेतो आणि चारी बाजूंनी टेप ताणून लावतो. खोक्यामागे चार रुपये जास्त जातात. शिवाय प्रत्येक पार्सलचा टेपपट्टी लावलेला आणि काट्यावरचा असे दोन फोटो ठेवते. त्यावर वजनाचे सहा वाद घातले, पाच मान्य झाले.

आता चवथीची तयारी चालू आहे. प्लॅटफॉर्मचा सशुल्क प्लॅन महिन्याला 999 रुपयांचा, त्यात घरसजावटीचं कमिशन 3 टक्के कमी, म्हणजे दिव्यामागे 28 रुपयांची बचत. महिन्याला 36 दिवे गेले तरच तो फिटतो. पावसाळ्यात आमचे 12 ते 15 जातात, म्हणून आजवर मोफत प्लॅनवरच होते. गेल्या दिवाळीच्या महिन्यात 58 गेले होते आणि तेव्हा मला हा हिशेब ठाऊक नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून दोन महिन्यांसाठी तो घेणार आहे. दीरांनी 70 दिव्यांच्या करवंट्या घासून ठेवल्या आहेत आणि सगळ्यात मोठी करवंटी 13 सेंटिमीटरच्या वर जाऊ नये म्हणून मापाची एक लोखंडी रिंग करून घेतली आहे. रिंगेतून जी जात नाही ती बाजारातल्या दिव्यांसाठी बाजूला ठेवतात.