१५० मिमी व्हेंचुरीमीटर: सात-आठ महिने वापरल्यानंतर

कूलिंग वॉटरच्या १५० मिमी लाइनवर मशीन केलेला व्हेंचुरीमीटर बसवून सात-आठ महिने झाले. थ्रोटचा, म्हणजे मधल्या सगळ्यात अरुंद भागाचा, व्यास ७५ मिमी, पाइपच्या बरोबर निम्मा. दाबफरक ट्रान्समीटर मोजतो आणि त्यावरून प्रवाह काढला जातो. विकत घेताना सगळे अचूकतेचा आकडा विचारतात. मला मात्र इतक्या महिन्यांत जास्त उपयोगी पडला तो त्याचा Cd, म्हणजे डिस्चार्ज कोएफिशंट. पाठ्यपुस्तकात तो शेवटी जोडलेला एक गुणक वाटतो. प्रत्यक्षात मीटरची तब्येत त्याच्यावरून कळते.

मुळात मीटर काय करतो? थ्रोटमध्ये पाण्याला वेग वाढवावाच लागतो आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा ते स्वतःच्या दाबातून घेतं. इनलेट आणि थ्रोट यांमधलं ऊर्जा समीकरण असं:

```
p1/(rho*g) + V1^2/(2g) + z1 = p2/(rho*g) + V2^2/(2g) + z2 + hL
```

यात 1 म्हणजे इनलेट आणि 2 म्हणजे थ्रोट; p दाब, V वेग, z उंची आणि rho पाण्याची घनता. शेवटचा hL म्हणजे या दोन जागांमध्ये घर्षणात वाया गेलेला हेड. तो शून्य धरला आणि V1 ऐवजी V2 चा चौथा भाग टाकला (व्यास निम्मा, म्हणून क्षेत्रफळ एक चतुर्थांश), की आदर्श प्रवाह मिळतो. खऱ्या प्रवाहासाठी त्याला Cd ने गुणायचं:

```
Q = Cd * A2 * sqrt(2*dp/rho) / sqrt(1 - beta^4)
```

इथे A2 म्हणजे थ्रोटचं क्षेत्रफळ, dp म्हणजे दाबफरक आणि beta म्हणजे थ्रोट आणि पाइप यांच्या व्यासांचं गुणोत्तर, आमच्याकडे ०.५. मीटर तिरका किंवा उभा बसवला तरी सूत्र तेच राहतं, कारण मीटरपासून ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणाऱ्या इम्पल्स ट्यूबमध्ये भरलेलं पाणी उंचीतला फरक आपोआप भरून काढतं. अट एवढीच की त्या ट्यूब पूर्ण पाण्याने भरलेल्या हव्यात. या अटीकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

आता आमचे आकडे. नेहमीच्या चालीत दाबफरक २० किलोपास्कल असतो. त्यावरून थ्रोटमधला आदर्श वेग ६.५३ मीटर प्रति सेकंद आणि आदर्श प्रवाह २८.८६ लिटर प्रति सेकंद येतो. मशीन केलेल्या प्रकारासाठी आयएसओ ५१६७-४ हे मानक Cd ०.९९५ धरायला सांगतं, अनिश्चितता १ टक्का. ही किंमत पाइपचा रेनॉल्ड्स नंबर २ लाख ते १० लाख असेल तेव्हाची. आमचा साधारण २ लाख ४४ हजार, म्हणजे खालच्या टोकाजवळच.

बसवल्यावर आम्ही मानकातला आकडा तसाच न धरता टाकीवर पडताळला. हे काम प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे. टाकीचं तळक्षेत्र १२ चौरस मीटर. सगळं पाणी टाकीत वळवलं आणि दाबफरक २० वर स्थिर ठेवला. ३०० सेकंदांत पातळी ७१५ मिमी चढली. म्हणजे ८.५८ घनमीटर, २८.६ लिटर प्रति सेकंद. आदर्श प्रवाहाने भागलं की Cd ०.९९१. मानकाच्या मर्यादेत चोख बसतो.

काही महिन्यांनी कूलिंगचा हिशेब जुळेना. मीटर दाखवत होता तितकं पाणी खरंच जात असेल, तर तापमानातला फरक कमी दिसायला हवा होता. पुन्हा टाकी लावली. त्याच २० किलोपास्कलला पातळी ७०० मिमीच चढली, म्हणजे २८.० लिटर आणि Cd ०.९७०. मीटर दोन टक्क्यांहून थोडं जास्तच दाखवत होता.

इथे ऊर्जा समीकरणच कामी आलं. hL न टाळता समीकरण मांडलं, तर Cd चा वर्ग म्हणजे १ वजा hL भागिले मोजलेला हेड. २० किलोपास्कल म्हणजे सुमारे २.०४ मीटर पाणी. Cd ०.९९१ असताना त्यातलं जेमतेम ४ सेंटिमीटर घर्षणात जात होतं. ०.९७० खरा मानला, तर तोच तोटा १२ सेंटिमीटर होतो. एवढ्याशा गुळगुळीत निमुळत्या भागात घर्षण तिप्पट होईल हे पटण्यासारखं नव्हतं. म्हणजे एक तर दाबफरक चुकीचा मोजला जात होता, नाहीतर थ्रोटचा व्यास ७५ राहिला नव्हता.

या दोहोंत फरक करायची सोपी रीत आहे. इम्पल्स ट्यूबमध्ये हवा अडकली असेल, तर दाबफरकात एक ठरावीक किलोपास्कलची चूक कायम मिसळते. ट्यूबच्या उभ्या भागात ५ सेंटिमीटर हवा असेल, तर ती चूक साधारण अर्धा किलोपास्कल. मोठ्या प्रवाहाला ती किरकोळ, पण प्रवाह कमी केला की टक्केवारीत झपाट्याने वाढते. थ्रोट आकसला असेल, तर चूक सगळ्या प्रवाहांना जवळपास सारख्याच टक्क्यांची राहते. आम्ही व्हॉल्व्ह आवळून दाबफरक १२ किलोपास्कलवर आणला आणि टाकी पुन्हा मोजली. Cd तिथेही ०.९७ च. शिवाय पंप बंद करून, पाइप भरलेला आणि मीटरला लागून असलेले दोन्ही रूट व्हॉल्व्ह उघडे ठेवून पाहिलं, तर ट्रान्समीटर शून्यावर होता. ही तपासणी ट्रान्समीटरजवळच्या मॅनिफोल्डवरच्या इक्वलायझिंग व्हॉल्व्हने शून्य बघण्यापेक्षा वेगळी आहे, आणि बरेच जण इथेच फसतात. मॅनिफोल्डवर रूटकडची बाजू बंद असते, त्यामुळे तिथे फक्त ट्रान्समीटरचा शून्य कळतो, ट्यूबमधली हवा नाही.

मीटर उतरवला. थ्रोटमध्ये क्षाराचा पांढरट, टणक थर होता, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागणारा. इनसाइड मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजलं तर व्यास ७४.३ मिमी. थराची जाडी अवघी ०.३५ मिमी, पण प्रवाह साधारण व्यासाच्या वर्गाने ठरतो, म्हणून तेवढ्यानेच २ टक्के गेले. पाइपमध्येही असाच थर असणार, पण त्याचा परिणाम नगण्य. पाइपचा व्यास सूत्रात फक्त beta च्या चौथ्या घातातून येतो. सायट्रिक ॲसिडने थर काढून, टॅपिंगची भोकं साफ करून मीटर परत चढवला. Cd पुन्हा ०.९९० आला.

ज्यांचं पाणी जड आहे त्यांनी नवा Cd भरून थर तसाच ठेवायच्या मोहात पडू नये. थर वाढत राहतो, आणि पुढच्या टाकीचाचणीपर्यंत तो आकडा पुन्हा शिळा होतो.

एक बाजू मला खरंच आवडली: दाब परत मिळतो. थ्रोटनंतरचा भाग हळूहळू रुंदावतो, म्हणून वेगात गेलेली बरीचशी ऊर्जा पुन्हा दाबात येते. या प्रकारात कायमचा तोटा दाबफरकाच्या साधारण ५ ते २० टक्के असतो. याच गुणोत्तराच्या ऑरिफिस प्लेटमध्ये तो ७० टक्क्यांच्या पुढे जातो. पंप दिवसरात्र चालत असेल, तर हा फरक वीजबिलात दिसतो.

कमी प्रवाहाला मात्र हा मीटर कमकुवत आहे, आणि त्यावर इलाज नाही. प्रवाह निम्मा झाला की दाबफरक ५ किलोपास्कल, चतुर्थांश झाला की १.२५. ट्रान्समीटरची चूक ०.०५ किलोपास्कल धरली, तर २० ला ती प्रवाहात जाणवतसुद्धा नाही, पण १.२५ ला थेट २ टक्के होते. त्यात रेनॉल्ड्स नंबर २ लाखांखाली गेला की मानकातला Cd लागू राहत नाही. आमच्याकडे ती रेषा सुमारे २३.५ लिटर प्रति सेकंदाला येते. त्याखालच्या प्रवाहांसाठी आम्ही टाकीवर काढलेल्या Cd चा वेगळा तक्ता वापरतो. ज्यांचा प्रवाह दिवसभरात दहापट वर-खाली होतो, त्यांनी व्हेंचुरी घेऊच नये, मॅग्नेटिक मीटर बघावा. ज्यांचा प्रवाह एका पट्ट्यात राहतो, जवळ टाकी आहे आणि ऑरिफिसइतका दाब गमावणं परवडत नाही, त्यांनी हा जरूर घ्यावा, आणि ऑर्डर देतानाच थ्रोट उघडून मापता येईल अशी फ्लँजची जोडणी मागून घ्यावी.