जर्मनीतल्या इंटर्नशिपच्या नावाखाली माझे 1,53,220 रुपये गेले

अमळनेरहून लिहितेय. केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. नाव सांगणार नाही, घरच्यांची आधीच पुरेशी शोभा झाली आहे.

मला थेट पीएचडीला परदेशी जायचं होतं. त्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एखाद्या बाहेरच्या प्रोफेसरच्या लॅबमध्ये दोन-तीन महिने काम केलं आणि त्यांनी शिफारसपत्र दिलं तर अर्जाला वजन येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या एका कन्सल्टन्सीने नेमकं तेच विकलं. नोंदणीचे 4,720. प्रोफाइल तयार करायचे 35,000. जानेवारी 2025 मध्ये प्रोफेसरचं ऑफर लेटर आलं आणि सोबत लॅब वापरण्याची 950 युरो 'बेंच फी', म्हणजे 85,500 रुपये. नंतर विमा आणि व्हिसा फाइलचे 28,000.

मी मूर्ख नव्हते. बेंच फी हा शब्द मी शोधला होता. पाहुण्या विद्यार्थ्यांकडून काही विद्यापीठं ती खरोखर घेतात. प्रोफेसरही खरे होते, त्यांचे पेपर मी वाचले होते. 'आधी जाऊन आलेल्या' दोन मुलांशी फोनवर बोललेही होते. कोणीही फसलं असतं.

पण बँकेतला तो दिवस डोक्यातून जात नाही. पप्पांनी 24 क्विंटल कापूस 7,100 च्या भावाने दिला होता, त्यातले पैसे होते. मी एनईएफटीचा फॉर्म भरून दिला. काउंटरवरच्या मॅडमनी तो उलटून पाहिला आणि विचारलं, "फी जर्मनीची ना? मग परदेशात पाठवायला ए-टू फॉर्म लागतो. हे तर सुरतचं बचत खातं आहे, एका माणसाच्या नावाचं." मी म्हणाले, त्यांचा एजंट आहे, तो पुढे पाठवतो. मागून पप्पा हळूच म्हणाले, "बेटा, हाऊ पैसा सुरतले काब्र जाई राहिना?" मी त्यांच्यावर चिडले. सगळ्यांसमोर. चारचौघांत इंग्रजी येणारी मी होते ना. विद्यापीठाची फी विद्यापीठाच्याच खात्यात जाते. जर्मनीतल्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, DE ने सुरू होतो आणि अक्षरं-आकडे मिळून 22 चा असतो. तो मागायचा, नाही दिला तर उठून घरी यायचं.

दुसरी खूण तर रोज समोर होती. प्रोफेसरच्या मेल सकाळी 10 च्या आसपास यायच्या. जानेवारीत तेव्हा जर्मनीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आणि @ च्या पुढे विद्यापीठाचं नाव होतं, पण त्याला '-international.com' जोडलेलं. विद्यापीठाच्या साइटवरचा पत्ता वेगळा होता. मी तेव्हा ती साइट उघडलीच नाही, कारण ऑफर हातात होती आणि ती सुटेल अशी भीती होती.

मार्चमध्ये व्हिसाची तारीख पुढे पुढे जायला लागली तेव्हा त्या साइटवरच्या पत्त्यावर लिहिलं. एका दिवसात चार ओळींचं उत्तर आलं: मी तुम्हाला ओळखत नाही, या उन्हाळ्यात कोणालाही घेतलेलं नाही, हे लेटरहेड आमचं नाही. ही मेल ऑफर आली त्याच दिवशी केली असती तर पुढचे 1,13,500 गेले नसते.

कन्सल्टन्सीवाले सांगायचे, हे डाड या जर्मन संस्थेच्या 'वाइज' शिष्यवृत्तीतूनच आहे. ती शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला पैसे देते, घेत नाही. प्रोफेसरचं निमंत्रण आपणच मिळवायचं असतं. माझ्या कॉलेजातून तिला अर्ज करता येतो का, एवढंही मी पाहिलं नाही. शिफारसपत्राची 'गॅरंटी' देणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. पीएचडीच्या अर्जात बहुतेक ठिकाणी प्रोफेसरच्या स्वतःच्या मेलवर लिंक जाते, पत्र तेच चढवतात. काम बघण्याआधी कोण कसली हमी देणार?

तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पण शेवटचं पेमेंट होऊन 47 दिवस झाले होते. पैसे गेल्याबरोबर फोन केला तरच खातं गोठवायला वाव असतो. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः सही करून दिलेत, मग चोरी कशी?" त्यांनी पाठवलं जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून सांगितलं की कन्सल्टन्सी पुण्याची, तिकडे जा. पुण्याच्या ठाण्याने विचारलं, पैसे कुठून गेले? अमळनेरहून? मग अमळनेरलाच. तीन फेऱ्या, पप्पांचे तीन दिवस, आणि प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: मुलीला एवढं बाहेर पाठवायचंच कशाला? बँकेने हात वर केले. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाने आधी त्याच लोकांचं सेमिनार ठेवलं होतं, आता म्हणतात आमचा संबंध नाही.

परवा धुळ्याच्या एका मैत्रिणीने मला पोस्टर पाठवलं. कन्सल्टन्सीचं नाव बदललंय, फोटोतला हॉल तोच आहे. नोंदणी 4,720.