बी-रोल: मुलाखतीआधी की मुलाखतीनंतर?

कुंभारकामावरच्या माहितीपटात बी-रोल, म्हणजे मुलाखतीच्या आवाजावर दाखवायची कामाची दृश्यं, दोन क्रमांनी घेता येतो. आधी काम चित्रित करून मग कारागिराला बोलतं करायचं, किंवा आधी मुलाखत घेऊन त्यातल्या वाक्यांवरून शॉटची यादी काढायची.

आधी काम धरलं तर माती मळण्यापासून भट्टी लागेपर्यंतचा क्रम सलग मिळतो. कारागीरही कॅमेरा विसरून आपल्या तंद्रीत असतो. पण एडिटला बसल्यावर कळतं, की चाकावरच्या हातांचे ढीगभर शॉट आहेत आणि तो बोलतोय भलतंच: "माती तयार झाली की बोटाला कळतं." त्या वाक्यातलं अडखळणं कापलं की जंप कट, म्हणजे चित्रात बसलेला झटका, उघडा पडतो आणि झाकायला काहीच नसतं.

मुलाखत आधी झाली असेल तर याच वाक्यासाठी मातीत दाबलेलं बोट, मोडून पाहिलेला गोळा आणि अंदाज घेणारा चेहरा असे तीन शॉट ठरवून घेता येतात. प्रत्येक किमान १० सेकंद, कॅमेरा न हलवता. अडचण अशी, की सांगून केलेली कृती थोडी नाटकी दिसते. त्यावर उपाय म्हणजे एकच कृती त्याला चार-पाच वेळा करू द्यायची. पुढच्या खेपांना हात सैल पडतात.

माझा कौल मुलाखतीला. अपवाद भट्टीचा: ती पेटणार असेल त्या दिवशी मुलाखत बाजूला ठेवून कॅमेरा तिकडे लावा. चेहरा आणि ठेवलेली हत्यारं मात्र दोन्ही क्रमांत भरपूर घ्या. आधीच्या शॉटमध्ये हात ओले होते की कोरडे, हा जुळणीचा प्रश्न त्यांत येत नाही, त्यामुळे ते शॉट कुठेही बसतात.