फॅराडे इफेक्टचा संच, आठ महिने वापरल्यावर: पुस्तिकेतले 5.2 अंश आणि प्रत्यक्षातले 3.9

किनाऱ्यालगतच्या कॉलेजात, रत्नागिरीच्या दमट हवेत, हा संच जूनपासून जानेवारीपर्यंत वापरला. आत फार काही नाही. 650 नॅनोमीटरचा लाल लेसर डायोड, पोलरायझर, 15 सेंटिमीटरची 1400 वेढ्यांची कॉइल, तिच्या पोटात 10 सेंटिमीटरचा शिशाच्या जड फ्लिंट काचेचा दांडा, पुढे फिरतं ॲनालायझर आणि शेवटी फोटोडायोड. कॉइलमधून करंट सोडला की काचेतून जाणाऱ्या प्रकाशाचं पोलरायझेशनचं प्रतल वळतं. 1845 साली फॅराडेंनी हा परिणाम पहिल्यांदा पाहिला तोही शिसं असलेल्या जड काचेतच. जड काच घेतात ती परिणाम ठळक दिसावा म्हणून. साध्या क्राउन काचेत तो या काचेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच दिसतो.

संच चांगला आहे, पण सोबतच्या पुस्तिकेतलं गणित चुकीचं आहे. दर वर्गात मुलांची उत्तरं पुस्तिकेपेक्षा पंचवीस टक्के कमी येतात आणि सगळे स्वतःच्या मोजणीला दोष देतात. दोष मोजणीत नाही.

पुस्तिका सांगते:

```
θ = V · B · L
B = μ0 · n · I
```

वेढे दर मीटरला 9333, करंट 3 अँपिअर, म्हणून B आला 35.2 मिलिटेस्ला. V म्हणजे व्हर्डे स्थिरांक 26 रेडियन प्रति टेस्ला-मीटर दिलाय, L 0.1 मीटर. उत्तर 0.0915 रेडियन, म्हणजे 5.24 अंश. प्रत्यक्षात येतात 3.94. मग सव्वा अंश गेला कुठे?

सगळ्यात मोठी चूक V मध्ये आहे. 26 हा आकडा सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठीचा, 589 नॅनोमीटरचा आहे. संचातला लेसर 650 चा. तरंगलांबी वाढली की व्हर्डे स्थिरांक साधारण तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, जड काचेत त्याहून थोडा जास्तच. 589 भागिले 650, त्याचा वर्ग 0.821. म्हणजे 26 चे झाले 21.3. काचेचं नाव सांगून स्थिरांक देणारं कोणतंही कोष्टक तरंगलांबीशिवाय अर्धवटच समजावं.

दुसरी चूक B ची. वरचं सूत्र लांबच लांब कॉइलचं आहे. आपली कॉइल 15 सेंटिमीटर लांब आणि वेढ्यांचा सरासरी व्यास 5, त्यामुळे मधोमधच क्षेत्र पाच टक्क्यांनी कमी भरतं आणि टोकांकडे आणखी घसरतं. दांड्याला मधलं क्षेत्र मिळत नाही, त्याच्या पूर्ण लांबीवरची सरासरी मिळते. दांडा मधोमध असला तर ती अशी निघते (सगळी मापं सेंटिमीटरमध्ये, त्रिज्या 2.5, 12.5 आणि 2.5 ही दांड्याच्या टोकापासून कॉइलच्या दूरच्या आणि जवळच्या तोंडापर्यंतची अंतरं):

```
(√(12.5² + 2.5²) − √(2.5² + 2.5²)) / 10 = 0.921
```

आता 5.24 गुणिले 0.821 गुणिले 0.921, आले 3.96. मोजलेल्याशी दोन-तीन शतांशाचा फरक. दांडा मात्र खरंच मधोमध हवा. नळीत तो सैल बसतो, संच हलवताना सरकतो, आणि 2 सेंटिमीटर सरकला तर आणखी तीन टक्के जातात. दोन्ही टोकांना कागदाच्या गुंडाळीची टेकणं घातली की प्रश्न मिटतो.

आता मोजणी. ॲनालायझरची तबकडी 1 अंशाची आहे, तिच्यावर अंधार शोधून 4 अंश वाचणं म्हणजे अंदाजपंचे. त्यापेक्षा ॲनालायझर पूर्ण अंधारापासून 45 अंशांवर आणून ठेवायचा आणि करंट उलटसुलट करून फोटोडायोडचं व्होल्टेज घ्यायचं. करंट शून्य आणि ॲनालायझर अंधारावर असताना जे वाचन येतं ते आधी टिपून ठेवायचं आणि दोन्हींतून वजा करायचं. मग:

```
sin 2θ = (V₊ − V₋) / (V₊ + V₋)
```

इथले V₊ आणि V₋ म्हणजे व्होल्टेज, व्हर्डेचा V नव्हे. पुस्तिकेत हाही गोंधळ आहेच. एक वाचन पाहा: +3 अँपिअरला 0.176 व्होल्ट, −3 ला 0.135, अंधारातलं 0.006. फरक 0.041, वजाबाकीनंतरची बेरीज 0.299, भागाकार 0.137. θ आला 0.0688 रेडियन. भागाकार असल्यामुळे दिवसागणिक लेसरची तीव्रता बदलली तरी उत्तर हलत नाही. फक्त एका जोडवाचनापुरती ती स्थिर हवी, म्हणून लेसर पंधरा मिनिटं आधी चालू ठेवायचा.

45 अंश लावताना 1 अंशाची चूक झाली तर उत्तर साडेतीन टक्क्यांनी सरकतं. अंधाराच्या दुसऱ्या बाजूच्या 45 वर तीच वाचनं घेऊन सरासरी काढली की ही चूक जवळजवळ पुसली जाते. हे केल्याशिवाय दशांशाच्या पुढचे आकडे वहीत लिहू देऊ नयेत, असं माझं मत.

कॉइल 3 अँपिअरला तेवीसेक वॅट उष्णता काढते. पॉवर सप्लाय स्थिर व्होल्टेजचा वापरला तर तांबं तापून करंट हळूहळू पडतो. 30 अंश तापलं की साडेदहा टक्क्यांच्या आसपास. स्थिर करंटचा सप्लाय घ्यावा आणि वाचन झालं की लगेच करंट बंद करावा. काच एका बाजूने तापली की तिच्यात ताण येतो आणि तो ताणही पोलरायझेशन बिघडवतो. ओळखायची खूण सोपी: करंट उलटा केल्यावर चुंबकीय वळण उलटतं, तापण्याचा परिणाम उलटत नाही. +, −, +, − असं आलटून पालटून घेतलं आणि सगळी वाचनं एकाच दिशेने सरकत गेली, तर थांबून कॉइल निवू द्यावी.

संचाची खरी परीक्षा घेतली ती पावसाने. जड फ्लिंटचा पृष्ठभाग दमटपणाला आणि घामाच्या बोटांना फार नाजूक असतो. ऑगस्टपर्यंत दांड्याच्या दोन्ही तोंडांवर धुरकट पापुद्रा आला आणि अंधारातलं वाचन 0.006 वरून 0.019 व्होल्टवर गेलं. धुरकटपणामुळे विखुरलेल्या प्रकाशाचं पोलरायझेशन मोडतं, तो ॲनालायझरमधून कसाही निसटतो. वजाबाकी केली नाही तर एवढ्याने कोन अकरा टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून दर तासिकेला पहिलं वाचन अंधाराचंच घ्यायचं; ते चढलं की आधी काच बघायची. कोरडं फडकं लावू नये, चरे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला लेन्सचा कागद एकदाच, एका दिशेने फिरवावा. पावसाळ्यात दांडा कॉइलमध्ये न ठेवता सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवला, तर ऑक्टोबरपर्यंत वाचन 0.007 वर राहिलं. जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर भाजून पुन्हा निळं करून घ्यायचं.

कॉइलच्या पितळी टर्मिनलांना खारट वाऱ्याने हिरवट पुटं चढली आणि करंट थरथरायला लागला. सॅंडपेपरने घासून व्हॅसलीनचा पुसट हात दिल्यावर ते थरथरणं थांबलं. पोलरॉइडच्या चकतीच्या कडा मात्र उकलू लागल्यात, ती या पावसाआधी बदलावी लागेल.

घ्यायचा असेल तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी लेखी मागा: स्थिरांक कोणत्या तरंगलांबीचा, आणि कॉइलच्या वेढ्यांचा सरासरी व्यास किती. दुसरी मिळत नसेल तर कॉइल उघडू नका. आतला आणि बाहेरचा व्यास पट्टीने मोजून सरासरी घेतली तरी चालतं.