काचेच्या फ्रंटचं पीसी कॅबिनेट, बरेच महिने वापरून: फॅन ६ आहेत, पण हवा येते कुठून?

स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते परत टाइप करत बसत नाही. समोर काच, काचेच्या दोन्ही कडांना बोटभर फट, आत समोर ३ फॅन, वर २, मागे १, सगळे १२० एमएमचे. दिसायला एक नंबर, त्यात वादच नाही. लिहायला बसलो कारण गेम चालू केला की ग्राफिक्स कार्ड ८२ डिग्रीवर जाऊन बसायला लागलं, पंखे बोंबलायला लागले, आणि जिथून घेतलं तिथे नेलं तर सर्व्हिसवाल्याने ब्लोअर मारला, बिल हातात दिलं आणि वर ऐकवलं, "तुमच्याकडे धूळच जास्त आहे हो, त्याला कॅबिनेट काय करणार." ब्लोअर माझ्याकडेपण आहे, त्यासाठी पैसे द्यायचे होते का?

काही आठवड्यांत धूळ परत हजर. आता मात्र पुसायच्या आधी नीट बघितलं, धूळ बसलीय कुठे. समोरच्या फॅनची पाती बऱ्यापैकी स्वच्छ. पण मागे ग्राफिक्स कार्डच्या खालच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या असतात ना भोकंवाल्या, त्या प्रत्येक भोकाच्या कडेला करड्या धुळीची झालर, मागच्या यूएसबी पोर्टांत पूट, आणि साइड पॅनल जिथे बसतं त्या सांध्यावर आतल्या बाजूने धुळीची सरळ रेघ. म्हणजे कॅबिनेट श्वास घेतंय ते मागच्या फटींतून, जिथे फिल्टर नावाची गोष्टच नाही. हेच निगेटिव्ह प्रेशर. बाहेर फेकणारे फॅन जेवढी हवा ओढतात तेवढी समोरून मिळाली नाही की उरलेली मिळेल त्या भोकातून आत येते, आणि येताना धूळ घेऊन येते.

आता कोणी म्हणेल ३ आत आणि ३ बाहेर, मग प्रेशर सारखंच की. फॅन मोजून हे कळत नाही. बाहेर फेकणाऱ्या तिघांसमोर नुसती मोठ्या भोकांची जाळी आहे. आत घेणाऱ्यांच्या पुढे आधी बारीक नायलॉनचा फिल्टर, त्याच्या पुढे काच, आणि हवा यायची ती कडेच्या फटीतून वळून. खोक्यावर फॅन किती हवा फेकतो त्याचा जो सीएफएम आकडा छापतात तो फॅन मोकळ्यावर फिरवून मोजलेला असतो, समोर अडथळा आला की आकडा चांगलाच खाली येतो. त्यामुळे कागदावर बरोबरी, प्रत्यक्षात बाहेरचे तिघे जिंकतात.

खात्री करायला फुकटातली टेस्ट आहे. टिश्यू पेपरची बोटभर लांब, अगदी अरुंद पट्टी कापायची, एक टोक टेपने वर चिकटवायचं आणि ती मागच्या रिकाम्या स्लॉटसमोर लोंबू द्यायची. पट्टी भोकांना चिकटली तर निगेटिव्ह, बाहेर फडफडली तर पॉझिटिव्ह. फक्त बायोसमध्ये सगळे फॅन एका ठरावीक स्पीडला लॉक करून बघा, नाहीतर फॅन मधेच वरखाली होतात आणि पट्टी काहीही सांगते. आणि ग्राफिक्स कार्डच्या स्वतःच्या पट्टीसमोर धरू नका, तिथून कार्डाचीच गरम हवा थोडी बाहेर येते. माझी पट्टी टप्पकन चिकटली.

उष्णतेसाठी दुसरी टेस्ट. तोच गेम, खोलीचं तापमान साधारण ३०, साइड पॅनल काढून ठेवलं आणि अर्धा तास चालवलं. ८२ वरून कार्ड ७३ ला आलं. पॅनल काढून एक-दोन डिग्री उतरल्या तर ठीक, ९ उतरल्या म्हणजे कार्ड बरोबर आहे, बंद डब्यात त्याला थंड हवाच पोचत नाहीये. लोक इथे पेस्ट बदलत बसतात.

मग नवीन काही विकत न घेता (हट्टाने) होतं त्यातच बदल केले. वरचा पुढचा फॅन काढून टाकला. तो सगळ्यात निरुपयोगी, समोरच्या वरच्या फॅनने आत घेतलेली थंड हवा सीपीयूच्या कूलरपर्यंत जायच्या आतच हा बाहेर फेकत होता. तिथली मोकळी जाळी आतून प्लास्टिकच्या शीटने झाकली, नाहीतर तीच हवा आता फॅनशिवाय तिथून निसटली असती. समोरचे तीन १००० आरपीएमला, मागचा आणि वरचा उरलेला ७०० ला. फॅनचा स्पीड सीपीयूच्या तापमानावर चालत होता तोही बदलला, कारण गेममध्ये उष्णता जास्त कार्डाची असते आणि सीपीयू निवांत असला की फॅनपण निवांत. पट्टी बाहेर फडफडायला लागली, कार्ड ७५ वर, आणि एक फॅन कमी होऊनसुद्धा सीपीयू २ डिग्री खाली. आवाजपण कमी. तेव्हा मी याला ५ पैकी ४ स्टार देऊन मोकळा होणार होतो.

अपडेट, काही महिन्यांनी: ४ चे २ झाले. कार्ड हळूहळू ७९ वर, फॅनचे स्पीड तेच, सेटिंगला हात लावलेला नाही. पट्टी लावली तर परत भोकांना चिकटलेली! कारण आता सगळी धूळ इमानदारीत समोरच्या फिल्टरवर जमत होती. फिल्टर तुंबला की आत येणारी हवा घटते, बाहेर फेकणाऱ्यांसमोर काही अडत नाही, म्हणून ते तेवढीच ओढत राहतात. पॉझिटिव्हचं निगेटिव्ह आपोआप होतं आणि मागून धूळ परत चालू. म्हणजे पॉझिटिव्ह प्रेशर हे फिल्टर साफ असेपर्यंतच.

आणि आता माझा खरा राग. हा फिल्टर काढायचा कसा माहितीये? अख्खा काचेचा फ्रंट उपसायचा, तोही खालून बोटं घालून, प्लास्टिकच्या क्लिपा कडकड वाजतात, आणि एलईडीची वायर इतकी आखूड की पॅनल एका हातात धरून दुसऱ्या हाताने कनेक्टर सोडवायचा. त्यानंतर फिल्टर ६ स्क्रूंवर. स्क्रूंवर!! एसएमपीएसच्या खालचा फिल्टर मस्त ड्रॉवरसारखा सरकतो, म्हणजे कंपनीला जमतं, पण ज्या फिल्टरवर सगळा खेळ आहे तोच कोंडून ठेवलाय. डिझाइन करणाऱ्याने स्वतः एकदा तरी काढून बघितला असेल का, शंका आहे.

असो. काढला, साध्या पाण्याने उलट्या बाजूने धुतला, पूर्ण वाळू दिला, बसवला. कार्ड परत ७५, पट्टी परत बाहेर. वायर तेवढी एक्स्टेंशन लावून लांब केली आणि ६ पैकी २ च स्क्रू परत लावले, बाकीचे डबीत. आता कार्ड ७७ च्या वर दिसलं की फिल्टर धुवायला काढतो, तारीखबिरीख लक्षात ठेवत नाही.

एक सांगतो, पॉझिटिव्ह केलं म्हणून धूळ बंद होत नाही. बारीक पावडरसारखी धूळ जाळीतून येतेच, कार्डाच्या पाठीवर पातळ थर बसतो. पण कूलरच्या पत्र्यांमध्ये जी नमद्यासारखी गादी बसायची ती आता बसत नाही, ब्रश फिरवला की काम होतं. आणि कार्ड थंड झालं ते प्रेशरच्या प्लसमायनसमुळे नाही, आत येणारी थंड हवा वाढली आणि वरचा चोर फॅन गेला म्हणून. ज्याला धुळीची पर्वा नाही त्याने निगेटिव्ह ठेवलं तरी तापमान चांगलं येऊ शकतं, हवा पुरेशी फिरली पाहिजे फक्त.

ज्यांनी हे घेतलंय त्यांनी वरचा पुढचा फॅन काढा आणि वायर लांब करा. ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांनी समोर जाळीवालं बघा, आणि दुकानातच फ्रंट काढून दाखवायला सांगा, फिल्टर एका हाताने निघाला नाही तर राहू द्या. सुटा फिल्टर मिळतो का म्हणून कंपनीला मेल टाकलाय, उत्तर म्हणून त्यांनी मला याच कॅबिनेटच्या पांढऱ्या मॉडेलची जाहिरात पाठवलीय.