मशीन घेणं परवडेल का, हे आजच्या मूल्यात तपासताना कर्जाचा हप्ता वजा करायचा की नाही?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी 10 लाखांचं मशीन धरा: 6 लाख कर्ज 10 टक्क्यांनी, 4 लाख स्वतःचे, त्यावर अपेक्षा 15 टक्के. दोन्हींच्या प्रमाणात काढलेला भांडवलाच्या खर्चाचा सरासरी दर 12 टक्के (कर सोडून). वर्षाअखेर, मशीन विकलं असं धरून, हाती 11.76 लाख.

हप्ता न वजा करता: 11.76 भागिले 1.12, म्हणजे आजचं मूल्य 10.5 लाख. 10 लाख वजा जाता निव्वळ फायदा 50 हजार.

मुद्दल-व्याजाचे 6.6 लाख वजा केले, तर उरलेल्या 5.16 लाखांचं आजचं मूल्य 4.61 लाख, 10 लाखांपुढे 5.39 लाखांचा तोटा! बँकेचा मोबदला 12 टक्क्यांत आधीच धरलाय, तो दोनदा कापला गेला. मुद्दल तर सुरुवातीच्या 10 लाखांतच आहे.

हप्ता वजाच करायचा असेल, तर सुरुवातीला फक्त 4 लाख धरा आणि दर स्वतःच्या भांडवलाचा, 15 टक्के, लावा.